‘टू-बी जुळवून टाक’ म्हणण्याआधी

सीएच्या ऑफिसात दर महिन्याच्या १४ तारखेनंतर एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘टू-बी जुळवून टाक.’ सांगणारा सीनियर असतो, ऐकणारी आर्टिकलशिप करणारी विशीतली मुलगी. काम साधारण असं. व्यापाऱ्याने खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट त्याला मिळते, पण विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलं असेल तरच. अशा दाखवलेल्या बिलांची यादी म्हणजे जीएसटीआर-२बी. ती १४ तारखेला पोर्टलवर येते आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला ३बी २० तारखेपर्यंत भरायचं असतं. मधल्या दिवसांत खरेदीवही या यादीशी ताडून पाहायची.

समजा, हार्डवेअरच्या एका घाऊक व्यापाऱ्याची १८० बिलं आहेत. त्यांतली दीडशे एक्सेलमध्ये पटकन जुळतात. खरं काम उरलेल्या तिसांचं. वहीत बिल क्रमांक ४५ आहे, यादीत तोच ‘०४५/२५-२६’ असा आहे. एका बिलात करात रुपयाचा फरक आहे. ५९,००० रुपयांचं एक बिल, त्यात ९,००० रुपये कर, आणि ते यादीत नाहीच. आता काय करायचं? रुपयाचा फरक सोडून द्यायचा का? टॅलीतली नोंद बदलायची का? विकणाऱ्याला फोन करायचा का, आणि कोणी? सीनियर क्लायंटकडे गेलेला असतो. मग मुलगी एकतर रुपयामागे तासभर घालवते, नाहीतर क्लायंटची वही स्वतःच्या अंदाजाने दुरुस्त करते. दुसरा प्रकार जास्त महाग पडतो, कारण मूळ नोंद काय होती हे नंतर शोधून काढावं लागतं.

हे सगळं टाळायला पाच मिनिटं बसून बोलणं पुरतं. असं : ‘मला १८ तारखेला दुपारपर्यंत एक शीट हवं. न जुळलेली बिलं त्यात तीन गटांत टाक : क्रमांक किंवा रकमेची चूक, वहीत आहे पण यादीत नाही, यादीत आहे पण वहीत नाही. करात दहा रुपयांपर्यंत फरक असेल तर जुळलं असं धर, फक्त खूण कर. टॅलीत काही बदलू नकोस. विकणाऱ्यांशी क्लायंटचा अकाउंटंट बोलेल, तू त्याला यादी दे. काही छोटे विक्रेते तिमाही विवरणपत्र भरतात, त्यांची बिलं या महिन्यात दिसली नाहीत तरी घाबरू नकोस, वेगळी लिही.’

यात काम कसं करायचं याचा पाढा नाही. एक्सेलमध्ये कोणतं सूत्र वापरायचं ते तिचं तिला ठरवू द्यावं. कुठपर्यंत निर्णय तिचा आणि कुठे थांबून विचारायचं, एवढी रेघ मात्र स्पष्ट हवी. दहा रुपयांची मर्यादा कायद्यातली नाही, ती ऑफिसने ठरवायची आहे. म्हणूनच ती वरिष्ठाने तोंडाने सांगायला हवी. ज्युनियरने ती ओळखावी ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. २० तारखेचं काम १८ला का मागितलं हेही सांगावं : उरलेले दोन दिवस तपासणीला आणि क्लायंटशी बोलायला लागतात. खरं कारण कळलं की तारीख पाळली जाते. दर वेळी ‘अर्जंट’ म्हणून मागितलेली फाइल आठवडाभर टेबलावर पडून राहिली, तर पुढच्या खऱ्या घाईवर कोणी विश्वास ठेवत नाही.

काम देण्याआधी ‘तुझ्या हातात आत्ता काय आहे?’ एवढं विचारायला हवं, आणि उत्तर ऐकायलाही. तिच्याकडे दुसऱ्या सीनियरने दिलेलं स्टॉक ऑडिट असेल, तर दोन कामांत आधी कोणतं हे त्या दोन सीनियरांनी आपसात ठरवावं. तिला मध्ये उभं करू नये. किती वेळ लागेल हा अंदाजही तिलाच विचारावा. ती ‘दोन तास’ म्हणाली आणि आपल्याला सहा वाटत असतील, तर तिच्या लक्षात न आलेला भाग तिथेच सापडतो. बहुतेक वेळा तो उरलेल्या तीस बिलांचाच असतो.

मधली तपासणी एकदाच, पण लवकर करावी. न जुळलेली पहिली पाच बिलं झाली की दहा मिनिटं शीट पाहायचं. गट चुकत असतील तर तेव्हाच कळतं. त्यानंतर तासातासाला ‘झालं का?’ विचारू नये. प्रत्येक विचारण्याबरोबर तिचं बोट कुठल्या ओळीवर होतं ते हरवतं.

आणि १७ला संध्याकाळी क्लायंटने राहिलेली आणखी चाळीस बिलं पाठवली तर? तेव्हा जुनी वेळ तशीच धरून बसणं बरोबर नाही. वेळ वाढवावी, किंवा मोठ्या रकमेची बिलं आधी पाहून रुपया-दोन रुपयांच्या फरकाच्या खुणा मागे ठेवायला सांगावं. ज्यांची वजावट या महिन्यात सुटेल, ती बिलं विकणाऱ्याने दाखवल्यावर पुढच्या यादीत येतात, तेव्हा घेता येतात. हे ज्युनियरला माहीत नसतं, म्हणून ती रात्री उशिरापर्यंत बसते. सीनियरला माहीत असतं, त्याने ते त्याच संध्याकाळी सांगावं.