आपल्याच पत्रामुळे हरलेला मुद्दा

तलासरीला लागूनच दादरा-नगरहवेली आहे. दमणहून तिथे जाण्याचा आपला हक्क आहे, असा दावा पोर्तुगालने १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध लावला. तिथेही नियम तोच, जो हक्क सांगतो त्यानेच तो शाबीत करायचा. आणि शाबीत म्हणजे किती? तर सतत, एकसारखी चालत आलेली वहिवाट दिसली पाहिजे. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्याबाबत सव्वाशे वर्षांची अशी वहिवाट न्यायालयाला पटली.

मग फौजेचं काय? १८८० ते १८८९ या काळात आमचे शिपाई तेवीस वेळा परवानगीशिवाय गेले, असं पोर्तुगालचं म्हणणं. पण १८९० मध्ये मुंबई सरकारने नेमकी हीच तक्रार केली, तेव्हा त्यांच्याच गव्हर्नर-जनरलने उत्तर दिलं होतं की आमचं सैन्य परवानगीशिवाय कधीच जात नाही. दावा लागण्याच्या पासष्ट वर्षं आधी दावेदारानेच लिहिलेला हा कागद! न्यायालयाने तो विचारात घेतला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात फौजेचा हक्क आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला.