पगाराची स्लिप वाचूया : वीस हजारातले चार हजार गेले कुठे?



गेल्या पालकसभेनंतर चौथीतल्या एका मुलीची आई थांबली. वसई पूर्वेला वालीवच्या एका कारखान्यात ती पॅकिंगचं काम करते. पर्समधून घडी घातलेला कागद काढून म्हणाली, "बाई, मला सांगितलं होतं वीस हजार दोनशे. खात्यात येतात पंधरा हजार नऊशे पंच्याऐंशी. वरचे कोण खातं?" नोकरीच्या पत्रातला नेमका आकडा होता २०,२६५. म्हणजे फरक ४,२८० रुपयांचा.

तुमच्या घरातली एखादी स्लिप समोर ठेवा आणि सोबत वाचा.

स्लिपची डावी बाजू म्हणजे कमाई. तिच्या स्लिपवर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,०००, घरभाडे २,००० आणि प्रवास भत्ता २,००० होता. एकूण १८,०००. हाच ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार. मग वीस हजार दोनशे आले कुठून? पत्रातला आकडा 'सीटीसी'चा होता, म्हणजे कंपनीला तिच्यावर येणारा खर्च. त्यात कंपनीने स्वतःच्या खिशातून भरायचा भविष्य निर्वाह निधी १,६८० आणि ईएसआयचे ५८५ धरले होते. हे २,२६५ रुपये हातात येणारे नव्हतेच. मुलाखतीत "ग्रॉस किती?" एवढं विचारलं असतं तरी पुढचा घोळ झाला नसता.

उरले २,०१५. ते स्लिपच्या उजव्या बाजूला, कपातीत सापडतात. पीएफ १,६८०, ईएसआय १३५, व्यवसाय कर २००. १८,००० वजा २,०१५ बरोबर १५,९८५. बँकेत आलेली रक्कम हीच. (महिनाभरात बिनपगारी रजा झाली असेल तर डावीकडचे आकडेच कमी होतात, म्हणून भरलेले दिवस आधी बघा.)

पीएफ ग्रॉसवर काढत नाहीत. तिच्या स्लिपवर तो मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के काढला होता. १४,००० चे १२ टक्के १,६८०. ही रक्कम पंधरा हजारांच्या वर गेली, तर बऱ्याच कंपन्या १५,००० वरच हिशोब थांबवतात आणि कपात १,८०० ला अडकते. ईएसआय मात्र ग्रॉसवर, पाऊण टक्का, आणि ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तरच. आपल्या शाळेतल्या स्लिपशी याची तुलना करू नका. शालार्थमधून निघणाऱ्या आपल्या स्लिपवर २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागलेल्यांसाठी एनपीएसची कपात असते, तिचे नियम वेगळे.

कपातीच्या बाजूला पीएफ दोनदा दिसला, एकदा 'कर्मचारी' आणि एकदा 'मालक' म्हणून, तर लगेच विचारा. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही.

आता स्लिपवर कापले म्हणजे भरले असं नाही. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कंपनीने ते जमा करायचे असतात. यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ७७३८२९९८९९ ला हा मेसेज पाठवला की शिल्लक मराठीत येते:

```
EPFOHO UAN MAR
```

सविस्तर पासबुक passbook.epfindia.gov.in वर दिसतं. आम्ही ते उघडलं आणि ती दचकली. तिचे १,६८० होते, पण कंपनीचे फक्त ५१४! "बघा, म्हटलं ना मी!" पण तिसऱ्या रकान्यात १,१६६ होते. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, उरलेले पीएफमध्ये. ५१४ आणि १,१६६ मिळून १,६८०. कंपनीने पूर्ण भरले होते. पासबुकात महिनेच्या महिने कोरे असते, तर epfigms.gov.in वर तक्रार करता आली असती, आणि तिथे स्लिप हाच पुरावा ठरतो. म्हणून स्लिपा फेकू नका.

खरी चूक निघाली ती सगळ्यात लहान आकड्यात. महाराष्ट्रात दरमहा २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही. पुरुषांना दहा हजारांच्या वर २०० रुपये लागतात, फेब्रुवारीत ३००. तिच्या ग्रॉसला हा कर लागायलाच नको होता. बहुधा सगळ्यांना एकच फॉर्म्युला लावला असावा.

ती स्लिप घेऊन कारखान्याच्या ऑफिसात गेली. पुढच्या महिन्यात खात्यात १६,१८५ आले. आधीच्या सात महिन्यांचे १,४०० परत मिळावेत म्हणून तिने साधा लेखी अर्ज दिला आहे, त्याची पोच घेतली आहे. अर्ज तिच्या मुलीने लिहिला, शुद्धलेखन मी फक्त दोन ठिकाणी सुधारलं.