भाग ४१ : गुन्हा तोच, कलम वेगळं. युद्धगुन्हा, मानवतेविरुद्धचा गुन्हा की वंशसंहार?

(हा आमच्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. या भागात लैंगिक हिंसाचाराचा उल्लेख आहे. त्रास होत असेल तर थांबा, नंतर वाचा.)

छत्रपती संभाजीनगरहून मी पुन्हा तुमच्यासोबत. मागच्या भागानंतर एका श्रोतीने व्हॉइस नोट पाठवली. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा प्रश्न साधा होता : "दादा, दंगलीत बाईवर सामूहिक बलात्कार झाला तर तो आपल्याकडे बलात्काराचाच खटला असतो. मग रवांडा, बोस्निया म्हटलं की त्यालाच वंशसंहार, युद्धगुन्हा असं का म्हणतात? बलात्कार तर तोच ना?"

बरोबर, बलात्कार तोच. पण आंतरराष्ट्रीय कायद्यात नुसतं कृत्य बघून नाव ठरत नाही. त्या कृत्याच्या भोवती काय चाललं होतं, यावरून ठरतं. आणि ते भोवतालचं कोर्टात वेगळं सिद्ध करावं लागतं. आजचा भाग एवढ्याच मुद्द्यावर आहे. त्यासाठी आपण मुंबईत चाललेला एक खटला घेऊ, बिल्किस बानो यांचा.

आधी घटना. ३ मार्च २००२. गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातल्या रंधिकपूर गावातून एक मुस्लिम कुटुंब जीव वाचवायला पळालं होतं. वाटेत जमावाने त्यांना गाठलं. बिल्किस तेव्हा २१ वर्षांच्या होत्या, पाच महिन्यांच्या गरोदर. त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कोर्टाच्या नोंदीप्रमाणे कुटुंबातली १४ माणसं मारली गेली. त्यात त्यांची तीन वर्षांची मुलगीही होती. हल्लेखोरांपैकी बरेच जण गावातलेच, ओळखीचे होते.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली गेली, पण तिच्यात बलात्काराचा उल्लेखच नव्हता आणि आरोपींची नावंही नव्हती. पुढे प्रकरण बंद झालं. मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला आणि २००४ मध्ये खटला गुजरातबाहेर, मुंबईला आणला गेला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप दिली. मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती विजया ताहिलरामाणी आणि न्यायमूर्ती मृदुला भाटकर यांनी, ती शिक्षा कायम केली. खाली सुटलेल्या पाच पोलिसांना आणि दोन डॉक्टरांनाही कर्तव्यात कसूर आणि पुरावा दडवल्याबद्दल दोषी धरलं.

कलमं कोणती होती? भारतीय दंड संहितेची : खून, सामूहिक बलात्कार, गरोदर स्त्रीवर बलात्कार, बेकायदा जमाव. म्हणजे कोर्टासमोर प्रश्न होता, त्या दिवशी त्या जागी या माणसांनी हे केलं का? बाहेर त्या आठवड्यात काय चाललं होतं, हे पार्श्वभूमी म्हणून येतं. पण ते सिद्ध केल्याशिवाय शिक्षा होणार नाही, असं काही नाही.

आता हीच घटना आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तीन खोक्यांत टाकून बघू. मी कुठलाही निकाल देत नाहीये. या घटनेबद्दल तसा खटला कुठल्याच कोर्टात चाललेला नाही. आपण फक्त एवढंच बघतोय, की वकिलाला काय काय सिद्ध करावं लागलं असतं.

पहिलं खोकं, युद्धगुन्हा. याची अट एकच पण कडक : सशस्त्र संघर्ष चालू हवा आणि कृत्याचा त्या संघर्षाशी संबंध हवा. दोन देशांचं युद्ध असू शकतं, नाहीतर सरकार आणि संघटित सशस्त्र गट यांच्यातली लढाई. दंगल कितीही भीषण असली तरी दंगल म्हणजे सशस्त्र संघर्ष नव्हे. रोम कायदा हे स्पष्ट शब्दांत सांगतो. म्हणजे आपलं प्रकरण इथेच बाहेर पडतं. गुन्हा लहान म्हणून नाही. हे खोकं वेगळ्या कामासाठी आहे म्हणून.

दुसरं खोकं, मानवतेविरुद्धचा गुन्हा. इथे युद्धाची गरज नाही. इथे लागतो 'नागरी लोकसंख्येवरचा व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला'. म्हणजे एकटं गाव पुरत नाही. त्या दिवसांत इतर गावांत काय झालं, हत्यारं कुठून आली, याद्या होत्या का, पोलिसांना थांबायला सांगितलं होतं का, हे पुरावे लागतात. रोम कायद्याप्रमाणे त्यामागे राज्यसंस्थेचं किंवा एखाद्या संघटनेचं धोरणही दाखवावं लागतं. आणि आरोपीला, आपण करतोय ते या मोठ्या हल्ल्याचा भाग आहे, हे माहीत होतं हेही. बलात्कार, लैंगिक गुलामगिरी, सक्तीची गर्भधारणा, सक्तीची नसबंदी ही कृत्यं या यादीत नाव घेऊन दिलेली आहेत.

तिसरं खोकं, वंशसंहार. हे सगळ्यात अवघड. इथे माणसं किती मेली हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न हेतूचा : एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाला पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करायचा हेतू होता का? द्वेष होता, सूड होता, एवढ्याने भागत नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १९४८ च्या वंशसंहार कराराच्या यादीत 'बलात्कार' हा शब्दच नाही. मग तो बसवतात कुठे? 'गटातल्या लोकांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा' या पोटकलमात, किंवा 'गटातले जन्म रोखणं' या पोटकलमात.

हे पहिल्यांदा कोर्टात कसं बसलं, ते ऐकण्यासारखं आहे. त्यासाठी रवांडात जावं लागेल.

१९९४. ताबा नावाच्या भागाचे प्रमुख होते ज्याँ-पॉल अकायेसू. आपल्याकडच्या नगराध्यक्षासारखं पद समजा. तुत्सी बायका आश्रयाला त्यांच्या कचेरीच्या आवारात आल्या. तिथेच त्यांच्यावर बलात्कार झाले. अकायेसूंवर खटला चालला तेव्हा सुरुवातीच्या आरोपपत्रात १२ आरोप होते आणि त्यात लैंगिक हिंसाचाराचा एकही नव्हता. १९९७ मध्ये एक साक्षीदार बाई बोलता बोलता सांगून गेली, की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. तपास अधिकाऱ्यांनी तिला आधी हे विचारलंच नव्हतं. तीन न्यायाधीशांच्या त्या पीठावर एक महिला होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले. पीठाने पुढे प्रश्न विचारले, आणखी साक्षी आल्या. जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त होऊन तीन नवे आरोप वाढले.

२ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला. तेच बलात्कार, तीच जागा, तोच आरोपी, आणि तीन खोक्यांचं उत्तर वेगवेगळं. वंशसंहार : दोषी. बलात्कार तुत्सी असल्यामुळे त्या बायकांवर झाले आणि गट नष्ट करण्याच्या प्रक्रियेचाच ते भाग होते, असं कोर्टाने म्हटलं. मानवतेविरुद्धचा गुन्हा : दोषी, कारण तुत्सी नागरिकांवर व्यापक हल्ला चालू होता. युद्धगुन्हा : निर्दोष! का? युद्ध तर चालू होतं. पण अकायेसू लष्कराचा भाग होते किंवा लष्कराच्या वतीने वागत होते, हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. २००१ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की अशी अट मुळात लावायलाच नको होती. पण निर्दोष ठरलं ते बदललं नाही.

आणि लक्षात घ्या, अकायेसूंनी स्वतः बलात्कार केल्याचा आरोपच नव्हता. आवारात होऊ दिलं आणि शब्दांनी प्रोत्साहन दिलं, यासाठी ते दोषी ठरले. हाच या कायद्याचा खरा उपयोग. तो जमावातल्या माणसाच्या मागे, खुर्चीतल्या माणसापर्यंत पोचू शकतो.

आता परत मुंबईला येऊ. तिथे पोलीस आणि डॉक्टर दोषी ठरले, पण नोंदी फिरवल्याबद्दल. त्यांना भोगलेला तुरुंगवास आणि दंड एवढीच शिक्षा झाली. 'वरच्याला माहीत होतं, थांबवू शकत होता, थांबवलं नाही' असा आरोप लावायला आपल्या दंड संहितेत सरळ कलमच नव्हतं.

दुसरा फरक शिक्षेनंतर दिसला. १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारच्या माफीने ते ११ जण बाहेर आले. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. कारण काय? खटला मुंबईत चालला, त्यामुळे माफीचा निर्णय महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात शिक्षा कमी करायचा अधिकार सरकारकडे नाहीच. तो फक्त त्या न्यायालयाकडे आहे, आणि जन्मठेपेत तर २५ वर्षांनंतरच विचार होतो.

मग हे प्रकरण हेगला गेलं असतं का? नाही. दोन कारणं. ते न्यायालय १ जुलै २००२ नंतरच्या गुन्ह्यांपुरतंच आहे. आपली घटना त्याच्या चार महिने आधीची. आणि भारत त्या कराराचा सदस्य नाही.

बरं, देशातल्या कायद्यात तरी? वंशसंहार करार भारताने १९५९ मध्ये मान्य केला, पण तो गुन्हा दंड संहितेत आणला नाही. १७ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीख हत्याकांडातल्या सज्जन कुमार खटल्यात हे उघड सांगितलं : मानवतेविरुद्धचा गुन्हा आणि वंशसंहार, दोन्ही आपल्या कायद्यात नाहीत आणि ही पळवाट बुजवायला हवी. त्या निकालात १९९३ च्या मुंबईचाही उल्लेख आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही ही दोन कलमं नाहीत.

तर त्या श्रोतीला उत्तर असं : आपल्याकडे त्या बाईला न्याय मिळू शकतो, बिल्किस यांना कोर्टाने दिलाही. पण तो एका घटनेचा न्याय असतो. घटनांच्या मागची आखणी कोणी केली, हा प्रश्न आपल्या कोर्टासमोर त्या नावाने मांडताच येत नाही.

आणि बातमी वाचताना एक करा. 'युद्धगुन्हा' शब्द दिसला की विचारा, युद्ध आहे का? 'मानवतेविरुद्धचा गुन्हा' दिसला की विचारा, हल्ला केवढा आणि धोरण कोणाचं? 'वंशसंहार' दिसला की विचारा, गट नष्ट करायचा हेतू कशावरून? आणि सगळ्यात आधी बघा, आरोपपत्रात बलात्कार लिहिलाय का. ताबाच्या आरोपपत्रात तो नव्हता. दाहोदच्या फिर्यादीतही नव्हता.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.