१२८ जीबीत भागवायचं कसं?

लॅपटॉपच्या खोक्यावर १२८ जीबी छापलेलं असतं आणि विंडोज दाखवते ११९. दुकानदाराने फसवलं, असं अनेकांना वाटतं. फसवणूक यात काही नाही. डिस्क बनवणारी कंपनी १०० कोटी बाइटचा एक जीबी धरते, तर विंडोजच्या हिशेबात एक जीबी १०७ कोटींहून अधिक बाइटचा असतो. डिस्क तेवढीच राहते, फक्त मोजमाप बदलतं.

खरी जागा जाते ती पुढे. विंडोज स्वतः, तिचा रिकव्हरीचा भाग, अपडेटसाठी राखून ठेवलेले काही जीबी, मग ऑफिस आणि ब्राउझर. हे सगळं वजा जाता स्वतःच्या फायलींसाठी साधारण साठ-सत्तर जीबी उरतात, आणि तेही काठोकाठ भरून चालत नाहीत. वीसेक जीबी मोकळे नसले तर मोठं अपडेट अर्ध्यावर अडतं. अपडेट झाल्यावर Windows.old नावाचं भलंमोठं फोल्डर दिसलं तर घाबरू नये. जुन्या आवृत्तीची ती प्रत दहा दिवसांनी आपोआप पुसली जाते.

समजा, एका प्राध्यापिकेकडे असा लॅपटॉप आहे. तिच्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका ८ जीबी, ऑनलाइन व्याख्यानांची रेकॉर्डिंग ३० जीबी, फोनमधून उतरवलेले फोटो ४५ जीबी आणि भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ ४० जीबी. एकूण १२३. हे सगळं लॅपटॉपवर मावणं शक्यच नाही. पण यातलं रोज काय उघडलं जातं, असा प्रश्न विचारला की चित्र पालटतं: फक्त त्या ८ जीबी नोट्स. लॅपटॉपवर तेवढंच राहावं.

फोटो आणि व्याख्यानं अधूनमधून लागतात, म्हणून ती क्लाउडवर जावीत. गुगलची फुकटातली जागा १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत वाटलेली. त्यामुळे तिला १०० जीबीची सशुल्क योजना घ्यावी लागेल. लॅपटॉपवर गुगल ड्राइव्हचं अ‍ॅप टाकताना दोन पर्याय समोर येतात. Mirror files निवडलं तर प्रत्येक फाइल लॅपटॉपवरही उतरते आणि सगळा खटाटोप वाया जातो. तिच्या कामाचा पर्याय Stream files. त्यात एक नवी ड्राइव्ह दिसते, फायलींची नावं दिसतात, पण फाइल उघडल्यावरच खाली येते. प्रवासाला निघण्यापूर्वी हवी ती व्याख्यानं Available offline करून ठेवली की झालं.

इथे एक खोच आहे, आणि ती बहुतेकांना नडते. ७५ जीबी एका दमात त्या नव्या ड्राइव्हमध्ये टाकले की सी ड्राइव्ह भराभर भरू लागते. कारण फाइल लगेच क्लाउडवर जात नाही. आधी तिची प्रत लॅपटॉपवरच्या तात्पुरत्या साठ्यात उतरते आणि तिथून हळूहळू चढते. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर ७५ जीबीला आठ-साडेआठ तास लागतात. म्हणून पाच-पाच जीबीचे गठ्ठे करावेत आणि एक पूर्ण चढल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

लग्नाचा व्हिडिओ वर्षातून एखाद्या वेळी पाहिला जातो. त्यासाठी दरमहा भाडं भरण्यापेक्षा एक्स्टर्नल हार्ड डिस्क बरी. जुन्या पेन ड्राइव्हवर तो टाकायला गेलं तर जागा असूनही फाइल फार मोठी असल्याची तक्रार येते. ती पेन ड्राइव्ह FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असते आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. डिस्क exFAT असली तर अडचण येत नाही, शिवाय ती विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते. केबल यूएसबी ३ च्या पोर्टला लावावी. तिथे ४० जीबीला सात-आठ मिनिटं पुरतात, जुन्या यूएसबी २ वर वीसेक मिनिटं जातात.

आता सर्वांत महत्त्वाचं. लॅपटॉपवरून हलवलेला व्हिडिओ म्हणजे बॅकअप नव्हे. तो आता फक्त त्या एका डिस्कवर आहे, आणि फिरती हार्ड डिस्क टेबलावरून पडली तरी जाऊ शकते. क्लाउडचंही तसंच. स्ट्रीम होणाऱ्या ड्राइव्हमधून जागा करण्यासाठी फोटो डिलीट केला तर तो क्लाउडवरूनही जातो. कचरापेटीत ३० दिवस असतो, नंतर मिळत नाही. म्हणून जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी, आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी.

लॅपटॉपवरची मूळ फाइल पुसण्याआधी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, व्हिडिओ मध्यापासून आणि शेवटून चालवून पाहा, आणि मगच Delete दाबा.