मोडक्या पंखाचं फुलपाखरू

ऑप्शनच्या बाजारात ‘ब्रोकन विंग बटरफ्लाय’ नावाची एक रचना आहे. तिची ओळख बहुतेक वेळा एकाच वाक्यात करून दिली जाते: एका बाजूला धोका नाही, वर हातात थोडे पैसेही येतात. हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजून घ्यायला निफ्टीच्या एका साप्ताहिक एक्स्पायरीचा हिशेब पुरतो.

समजा निफ्टी 24,000 वर आहे आणि एक्स्पायरीला पाच दिवस आहेत. पुट म्हणजे बाजार ठरावीक पातळीच्या खाली गेला तर फरक मिळवून देणारा करार. ही ठरावीक पातळी म्हणजे स्ट्राइक आणि करारासाठी मोजायची किंमत म्हणजे प्रीमियम. पुढचे भाव हिशेबासाठी धरले आहेत, पण शांत बाजारात साधारण असेच दिसतात: 23,900 चा पुट 90 रुपये, 23,800 चा 60, 23,700 चा 38 आणि 23,600 चा 24.

आधी साधं फुलपाखरू घेऊ. 23,900 चा एक पुट विकत घ्यायचा, 23,800 चे दोन विकायचे आणि 23,700 चा एक विकत घ्यायचा. खर्च 90 अधिक 38, म्हणजे 128; विक्रीतून आले 120. खिशातून 8 रुपये गेले. एक्स्पायरीला निफ्टी नेमका 23,800 वर थांबला तर सर्वाधिक फायदा. 23,900 च्या वर किंवा 23,700 च्या खाली गेला तर ते 8 रुपये बुडाले. दोन्ही पंख शंभर-शंभर पॉइंटांचे, म्हणून दोन्हीकडचा तोटा सारखा.

आता एकच बदल करू. 23,700 च्या ऐवजी 23,600 चा पुट विकत घेऊ. तो 38 ऐवजी 24 रुपयांना मिळतो. खर्च 114 वर आला, विक्री 120 चीच राहिली. आता 8 रुपये जाण्याऐवजी 6 रुपये येतात. वरचा पंख शंभर पॉइंटांचा राहिला, खालचा दोनशेंचा झाला. हाच तो मोडका पंख.

एक्स्पायरीला निफ्टी 23,900 च्या वर कुठेही असो, 24,100 वर किंवा 25,000 वर, चारही पुट शून्य होतात आणि 6 रुपये आपल्याकडे राहतात. वरच्या बाजूचा धोका खरोखरच संपला. 23,800 वर बाजार थांबला तर 106 रुपये मिळतात. 23,694 वर ना नफा ना तोटा. त्याच्या खाली तोटा सुरू होतो आणि 23,600 ला तो 94 रुपयांवर जाऊन थांबतो. निफ्टी आणखी कितीही पडला तरी त्याहून वाढत नाही.

मग ते 8 रुपये वाचले कसे आणि वर 6 आले कुठून? एकूण फरक 14 रुपयांचा. आता 23,700 चा पुट विकून 23,600 चा घेतला असता तर काय मिळालं असतं ते पाहा: 38 वजा 24, म्हणजे 14. मोडक्या पंखाचं फुलपाखरू म्हणजे साधं फुलपाखरू आणि त्याला जोडून विकलेला एक पुट स्प्रेड, यापेक्षा वेगळं काही नाही. विकलेल्या स्प्रेडमध्ये शंभर पॉइंटांची जबाबदारी आपण अंगावर घेतो आणि तिचा मोबदला 14 रुपये मिळतो. वरच्या बाजूचा 8 रुपयांचा धोका गेला, खालच्या बाजूचा 8 वरून 94 वर गेला. मला विचाराल तर या रचनेचं सगळं मर्म याच दोन आकड्यांत आहे.

म्हणून ती कुठे वापरावी हेही त्यातूनच ठरतं. बाजार वर जाईल, जागेवर राहील किंवा हळूहळू थोडा उतरेल असं ज्याचं मत आहे, त्याच्यासाठी ती नीट बसते. मोठी पडझड होऊ शकेल अशा घटनेच्या तोंडावर मात्र तीच रचना चुकीच्या बाजूला उघडी असते. 2024 च्या जूनमध्ये लागोपाठ दोन दिवस याचं उदाहरण दिसलं. 3 जूनला, मतदानोत्तर चाचण्यांनंतर, निफ्टी 733 पॉइंट चढून 23,263.90 वर बंद झाला. 4 जूनला निवडणुकीचे निकाल आले आणि तो 1,379 पॉइंट पडून 21,884.50 वर आला. पहिल्या दिवशी पुटच्या मोडक्या पंखाला वरून काहीच लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी, सर्वांत खालचा स्ट्राइक निफ्टीच्या 400 पॉइंट खाली ठेवला असता तरी बाजार त्याच्याही बराच खाली गेला होता.

आणखी एक गोष्ट नवख्या माणसाला गोंधळात टाकते. वरचे सगळे आकडे एक्स्पायरीच्या दिवसाचे आहेत. मधल्या दिवसांत चित्र वेगळं असतं. समजा दुसऱ्याच दिवशी निफ्टी 300 पॉइंट पडून 23,700 वर आला. एक्स्पायरीच्या हिशेबाने तिथे 6 रुपये फायदा दिसायला हवा. पण घबराटीमुळे पुट महागलेले असतात, विकलेले दोन पुट अंगावर येतात आणि स्क्रीनवर साधारण 30 रुपयांचा तोटा दिसतो. 106 रुपयांचं ते शिखर शेवटच्या दिवसापर्यंत जवळजवळ नसतंच. वेळ सरत जाईल तसं ते वर येतं. म्हणून बाजार किती पडला याइतकंच तो किती लवकर पडला हेही महत्त्वाचं.

सौदा करतानाही क्रम पाळावा लागतो. विकत घ्यायचे पुट आधी घ्यायचे, मग दोन विकायचे. उलट केलं तर मधल्या वेळात दोन उघडे पुट विकलेले राहतात आणि दलाल त्यांच्यासाठी भलंमोठं मार्जिन मागतो. बाहेर पडताना विकलेले आधी परत घ्यायचे. घाईत कुणी खालचा, स्वस्त झालेला पुट आधी विकून टाकतो. त्या क्षणी 94 रुपयांची मर्यादा नाहीशी होते.

6 रुपयांचं क्रेडिट दिसतं तितकं हाती येत नाही. चार पुटांच्या व्यवहारात प्रत्येकी अर्धा रुपया कमी-जास्त भावाने गेला तरी 2 रुपये तिथेच गेले. 65 चा लॉट धरला तर 6 रुपयांचे 390 होतात, उरलेल्या 4 चे 260. प्रत्येक ऑर्डरला 20 रुपये घेणाऱ्या दलालाकडे तीन ऑर्डरींचे 60, त्यावर जीएसटी, विक्रीवर एसटीटी आणि एक्स्चेंजचे आकार. एक्स्पायरीआधी बाहेर पडलात तर पुन्हा तीन ऑर्डरी. म्हणून केवळ क्रेडिटसाठी ही रचना करणं मला पटत नाही. क्रेडिटचं काम एवढंच, की बाजार वर गेला तर खिशाला चाट बसू नये. खरी कमाई झाली तर ती 23,800 च्या आसपासच्या शिखरावर होते, आणि ते शिखर फार थोड्या आठवड्यांत गाठलं जातं.

एक पूर्ण तोटा भरून काढायला नुसत्या क्रेडिटचे जवळपास सोळा यशस्वी आठवडे लागतात, तेही खर्च न धरता. तेव्हा ऑर्डर टाकण्याआधी क्रेडिटचे 390 रुपये बाजूला ठेवा आणि एका लॉटचा सर्वाधिक तोटा कागदावर लिहा: 94 गुणिले 65, म्हणजे 6,110 रुपये. तो आकडा झेपत असेल तरच ऑर्डर टाका.