रेषेवरचे पाऊल

रायपूरच्या एका मैदानावर सामना बरोबरीत सुटून पेनल्टी शूटआउटची वेळ आली तेव्हा, सारे प्रेक्षक किक मारणाऱ्याकडे डोळे लावून बसले असताना, गोलरेषेपाशी उभे असलेले एक प्रौढ सहाय्यक पंच मात्र केवळ गोलरक्षकाच्या बुटांकडे पाहत होते. त्या विलक्षण एकाग्रतेचे कुतूहल वाटून सामन्यानंतर मी त्यांना गाठले. “चेंडू अर्ध्या सेकंदात पोचतो,” ते म्हणाले, “तेवढ्यात सगळे बघायचे.”

नियम असा की, किक मारली जाते त्या क्षणी गोलरक्षकाच्या निदान एका पावलाचा काही भाग रेषेवर, तिच्या वर हवेत अथवा तिच्या मागे असला पाहिजे. दुसरे पाऊल पुढे टाकण्याची आणि रेषेवर डावीउजवीकडे सरकण्याची त्याला मुभा आहे; खांब, क्रॉसबार किंवा जाळी यांना मात्र किकपूर्वी स्पर्श करता येत नाही. पाऊल पुढे असूनही गोल झाला तर तो कायम राहतो. चेंडू बाहेर गेला किंवा क्रॉसबारवरून परतला, तर मारणाऱ्यावर उघड परिणाम झाल्याखेरीज किक पुन्हा होत नाही. परंतु गोलरक्षकाने तो अडवला, तर किक पुन्हा घ्यावी लागते. म्हणजे पावलाची खरी चौकशी होते ती त्याच्या यशाच्या क्षणीच, आणि हे मला काहीसे निष्ठुर वाटते.

४ जुलै २०२३ रोजी बेंगळुरूत झालेला सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना घ्या. भारत आणि कुवेत १–१ असे बरोबरीत राहिले. संघाने आपला क्रम पंचांना आधी कळवावा असे बंधन नाही. भारताने कर्णधार सुनील छेत्रीला प्रथम धाडले, तर कुवेतच्या पहिल्याच खेळाडूचा चेंडू क्रॉसबारवर आदळला. पुढे उदांता सिंगची किक हुकली, आणि पाच-पाच किकांनंतर गुणफलक ४–४ झाला. यापुढे दोन्ही संघांची एकेक किक, आणि मैदानावरील प्रत्येक पात्र खेळाडूची पाळी झाल्याशिवाय कोणालाही दुसऱ्यांदा येता येत नाही. महेश सिंगने गोल केला. कुवेतचा कर्णधार खालिद हाजिया याची किक गुरप्रीत सिंग संधूने अडवली, आणि भारत ५–४ ने जिंकला. क्रॉसबारवर आदळलेल्या किकच्या वेळी गुरप्रीतचे पाऊल कोठे होते याला फारसे महत्त्व नव्हते. या अखेरच्या किकला मात्र सारे विजेतेपद त्या अर्ध्या सेकंदातील पावलावर अवलंबून होते.

गोलरक्षकाच्या पहिल्या अपराधाला ताकीद, पुढच्याला पिवळे कार्ड. आणि मारणाऱ्याने हुलकावणी दिली तर? “धावताना खुशाल द्यावी,” पंच म्हणाले, “धाव संपल्यावर दिली, तर त्याला कार्ड आणि किक बाद.”