विश्लेषण : वर्कशॉपच्या शेडला किती किलो लोखंड? आराखड्यावरून वजन कसे काढतात?

ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडी या पट्ट्यात लहान वर्कशॉपसाठी लोखंडी शेड उभारायची झाली, की फॅब्रिकेटरचे कोटेशन बहुधा एका ओळीचे असते. अंदाजे इतके किलो आणि किलोला इतका दर. दराची घासाघीस होते, ‘इतके किलो’ मात्र तसेच मान्य केले जातात. प्रत्यक्षात हा आकडा आराखडा, मोजपट्टी आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर यांच्या जोरावर अर्ध्या तासात पडताळता येतो.

हिशेबाचे मूळ सूत्र काय?

कारखान्यात लाटलेल्या प्रत्येक लोखंडी सेक्शनचे एका मीटरचे वजन ठरलेले असते. गर्डर, चॅनल, अँगल यांची मापे आणि वजने भारतीय मानक ‘आयएस ८०८’ मध्ये दिलेली आहेत. मीटरमागचे वजन गुणिले त्या सेक्शनची एकूण लांबी, म्हणजे त्याचे किलो. प्लेटसाठी आणखी सोपा नियम आहे. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो धरतात. म्हणून एक चौरस मीटर प्लेटचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो भरते. १० मिलिमीटर जाडीची प्लेट असेल, तर चौरस मीटरला ७८.५ किलो.

उदाहरणाची शेड कशी आहे?

६ मीटर रुंद, १२ मीटर लांब आणि खांबाच्या माथ्यापर्यंत ४ मीटर उंच अशी शेड घेऊ. खांबांच्या चार जोड्या आहेत आणि दोन जोड्यांमधले अंतर ४ मीटर आहे. प्रत्येक जोडीवर एक ट्रस, म्हणजे कैची, बसते. कैचीचे टोक खांबांच्या माथ्यापासून १.२५ मीटर उंच आहे. त्यामुळे छपराच्या एका उताराची लांबी ३.२५ मीटर होते. भिंती विटांच्या आहेत, त्यामुळे त्यांचा लोखंडात समावेश नाही. हे सेक्शन केवळ हिशेबासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष शेडचे सेक्शन स्ट्रक्चरल इंजिनीअरनेच ठरवायचे असतात.

खांब आणि कैच्या यांचे वजन किती?

खांबासाठी ‘आयएसएमबी १५०’ हा गर्डर घेतला, तर तो मीटरला सुमारे १५ किलो आहे. आठ खांब प्रत्येकी ४ मीटर, म्हणजे ३२ मीटर आणि ४८० किलो. इथे एक गोष्ट तपासून घ्यावी. ४ मीटर ही उंची जमिनीपासून असते, पण बेसप्लेट अनेकदा फरशीच्या खाली बसते. ती ३० सेंटिमीटर खाली असेल, तर आठ खांबांवर ३६ किलो वाढतात. या उदाहरणात बेसप्लेट फरशीच्या पातळीवर धरली आहे.

कैचीत ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा अँगल धरू. तो मीटरला ४.५ किलो असतो. दोन उतार आणि खालची आडवी तुळई मिळून बाहेरची चौकट १२.५ मीटरची होते. ती पाठीला पाठ लावलेल्या जोड अँगलची असते, म्हणून मीटरला ९ किलो धरायचे. हे झाले ११२.५ किलो. आतला मधला उभा अँगल, दोन तिरपे आणि दोन छोटे उभे मिळून ५.७५ मीटर होतात. हे एकेरी असल्याने सुमारे २६ किलो. एक कैची सुमारे १३८ किलोची आणि चार कैच्या सुमारे ५५४ किलोच्या.

हिशेबातली सर्वांत मोठी चूक नेमकी इथे होते. आराखड्यात जोड अँगल बाजूने पाहिला, की एकच रेघ दिसते. ती एकेरी मोजली, तर चार कैच्यांत मिळून २२५ किलो हिशेबातून गळतात. म्हणून रेघेवर लिहिलेले वाचावे. ‘२’ हा आकडा किंवा ‘जोड’ असा उल्लेख असेल, तर वजन दुप्पट धरावे.

सर्वांत जड भाग कोणता?

कैच्या नजरेत भरतात, त्यामुळे त्याच सर्वांत जड असतील असे वाटते. वास्तवात या शेडमध्ये पर्लिन जास्त जड आहेत. पत्रे ज्या आडव्या चॅनलवर टेकतात त्या पर्लिन. प्रत्येक उतारावर खाली, मध्ये आणि वर अशा तीन, म्हणजे दोन्ही उतारांवर सहा ओळी होतात. प्रत्येक ओळ १२ मीटर, म्हणून ७२ मीटर. ‘आयएसएमसी १००’ चॅनल मीटरला ९.५६ किलो, म्हणजे एकूण ६८८ किलो. सगळ्या कैच्यांपेक्षा हे सव्वाशे किलोहून जास्त आहे. पत्रा शेडच्या दोन्ही टोकांना बाहेर काढायचा असेल, तर पर्लिनची लांबीही वाढते. तेवढे मीटर वेगळे जोडावेत.

उरले तिरपे ताण, म्हणजे ब्रेसिंग. एका गाळ्यात दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या ओळीत आणि दोन्ही उतारांवर फुलीसारखे अँगल लावले, तर सुमारे ४३ मीटर लागतात. त्यांचे वजन १९५ किलो.

प्लेटा आणि जोडांचे काय?

आठ बेसप्लेटा ३०० बाय ३०० बाय १२ मिलिमीटरच्या असतील, तर प्रत्येकी साडेआठ किलो, म्हणजे ६८ किलो. कैचीच्या सांध्यांवरच्या ६ मिलिमीटरच्या प्लेटा, ज्यांना गसेट म्हणतात, त्यांचे सुमारे ६० किलो. खांबांच्या माथ्याच्या प्लेटांचे २५ किलो. पर्लिन बसवण्याच्या छोट्या अँगल तुकड्यांचे, म्हणजे क्लीटचे, १६ किलो. सगळे मिळून १६९ किलो. नटबोल्ट वेगळे.

एकूण बेरीज अशी :

- खांब : ४८० किलो
- कैच्या : ५५४ किलो
- पर्लिन : ६८८ किलो
- ब्रेसिंग : १९५ किलो
- प्लेटा आणि क्लीट : १६९ किलो
- एकूण : २,०८६ किलो

शेडचे क्षेत्रफळ ७२ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला सुमारे २९ किलो आणि चौरस फुटाला सुमारे २.७ किलो. प्लेटा आणि क्लीट यांचा भाग बाकीच्या लोखंडाच्या सुमारे ९ टक्के भरतो. कोटेशनमध्ये जोडांसाठी यापेक्षा फार जास्त टक्के लावलेले असतील, तर त्याचे तपशील मागावेत. पत्र्यांचे पैसे मीटरवर किंवा चौरस मीटरवर लागतात. ते या किलोंत मिसळू नयेत.

‘आयएसएमसी १००’ आणि ‘१०० चे चॅनल’ एकच का?

नाही. १०० मिलिमीटर उंचीचा हलका चॅनल ‘आयएसएलसी १००’ मीटरला ७.९ किलो आणि ‘आयएसजेसी १००’ मीटरला अवघा ५.८ किलो असतो. बाजारात तिन्हींना ‘१०० चे चॅनल’ म्हणता येते आणि फूटपट्टीने उंची मोजल्यास तिन्ही सारखेच भरतात. फरक मधल्या पाटीच्या जाडीत आहे. मध्यम चॅनलची पाटी सुमारे ५ मिलिमीटर, ‘आयएसएलसी’ ची ४ आणि ‘आयएसजेसी’ ची ३. ती व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. त्याहून सोपे म्हणजे एक पूर्ण चॅनल तोलून लांबीने भागावे. लाटताना मानकात थोडा फरक मान्य आहे. म्हणून दोन-तीन टक्के कमी भरल्यास आश्चर्य नाही. पण १५ टक्के कमी असेल, तर सेक्शनच दुसरा आहे.

या शेडमध्ये ‘आयएसएमसी’ ऐवजी ‘आयएसएलसी’ आले, तर पर्लिन सुमारे १२० किलोंनी हलक्या होतात. बिल वजनकाट्यावरच्या वजनावर असेल, तर पैसे वाचतात, ताकद कमी होते. बिल आराखड्यातल्या किलोंवर किंवा ठोक रकमेवर असेल, तर पैसेही जातात आणि ताकदही. म्हणून बिल कोणत्या वजनावर, हे करारात आधी लिहावे. मोठ्या वजनकाट्यावर गाडी रिकामी आणि भरलेली, अशी दोन्ही वेळा तोलावी. काटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवत असेल, तर क्लीटसारखी छोटी सामग्री लहान काट्यावर तोलावी.

विकत घेतलेले किलो आणि बसलेले किलो यांत फरक का?

लोखंड ठरावीक लांबीत येते. या कैच्यांच्या उतारासाठी ३.२५ मीटरचे १६ तुकडे लागतात. ६ मीटरच्या अँगलमधून एकच तुकडा निघतो आणि २.७५ मीटर उरतात. या उरलेल्यांतून कैचीच्या आतले बहुतेक तुकडे कापता येतात. तरीही १६ अँगलच्या ९६ मीटरपैकी ७५ मीटरच कैच्यांत बसतात. २१ मीटर, म्हणजे सुमारे ९५ किलो उरतात. ते ब्रेसिंगच्या काही भागाला वापरता येतात की भंगारात जातात, हे कापणीच्या क्रमावर अवलंबून आहे. उरलेले तुकडे कोणाच्या मालकीचे, हेही करारात असावे.

किलो वाचवायचे तर कुठे वाचवू नयेत?

उदाहरणासाठी किलोला १०० रुपये दर धरला, तर वरील शेड २ लाख ८ हजार ६०० रुपयांची होते. ५ टक्के कपात म्हणजे सुमारे साडेदहा हजार रुपये. ती कपात बहुतेकदा ब्रेसिंगवर येते, कारण ते काढले तरी शेड उभी राहिल्यासारखी दिसते.

वाऱ्याचा विचार केला, की चित्र बदलते. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेले, तेव्हा कुलाबा येथे ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले होते. मानकातल्या वेगाला मूळ दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. शेडची उंची, उघड्या बाजू आणि छपराचा कोन यांनुसार तो कमी-जास्त होतो. या शेडच्या छपराचे लोखंड मात्र चौरस मीटरला अवघे १६ किलो आणि पत्रे त्याहून हलके. म्हणजे छपराला वर उचलू पाहणाऱ्या ताकदीपुढे त्याचे स्वतःचे वजन अपुरे आहे. त्याला धरून ठेवतात ते सांधे, खांबाच्या पायाचे बोल्ट आणि ब्रेसिंग.

ट्रॉम्बेच्या खाडीकडून येणारी खारी हवा आणखी एक कारण देते. गंजाने १ मिलिमीटर खाल्ले, तर ६ मिलिमीटरच्या अँगलचा सहावा भाग जातो आणि ३ मिलिमीटरच्या अँगलचा तिसरा. पातळ सेक्शनचे वाचलेले किलो अशा जागी लवकर संपतात. वजन कमी करायचे असेल, तर कैच्यांतले अंतर, पर्लिनच्या ओळी आणि कापणी यांत बदल करून बघावा. तो बदल इंजिनीअरने नव्याने तपासल्यानंतरच फॅब्रिकेटरला द्यावा.